लर्निंग रेट आणि लॉसचा आलेख

न्यूरल नेटवर्क शिकते म्हणजे त्याच्या पोटातले लाखो आकडे थोडेथोडे बदलत जातात. या आकड्यांना वजने म्हणतात. दर वेळी नेटवर्कपुढे काही उदाहरणे ठेवली जातात, त्याचे उत्तर किती चुकले ते एका आकड्यात मोजले जाते आणि ती चूक कमी होईल अशा दिशेने प्रत्येक वजन जरासे सरकवले जाते. चुकीच्या या मापाला लॉस म्हणतात. वजन कोणत्या दिशेला सरकवायचे हे गणितातून निघते. किती सरकवायचे हे मात्र माणसाला आधी ठरवून द्यावे लागते, आणि हा ठरवून दिलेला आकडा म्हणजेच लर्निंग रेट. सगळा नियम एका ओळीत मावतो:

```
w = w - lr * g
```

यात `w` हे वजन, `g` हा त्या जागी असलेला लॉसचा उतार आणि `lr` हा लर्निंग रेट. उताराच्या उलट दिशेने पावले टाकत तळ गाठायची ही पद्धत फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८४७ मध्ये मांडली. उतार नेमका माहीत नसून अंदाजानेच कळत असेल, तर पावलांचा आकार हळूहळू कमी करत न्यावा लागतो, पण फार घाईने नाही, हे रॉबिन्स आणि मन्रो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. आजची नेटवर्क याच दोन कल्पनांवर चालतात. बदलले आहे ते वजनांच्या संख्येचे प्रमाण.

पाऊल चुकीचे असेल तर ट्रेनिंग कसे बिघडते, हे एखादे ठोस काम समोर ठेवल्याशिवाय नीट कळत नाही. हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरे ओळखणे हे त्यासाठी चांगले काम आहे. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ मध्ये अशा अक्षरांचा एक मोठा संच खुला केला. त्यात क पासून ज्ञ पर्यंतची ३६ व्यंजने आणि ० ते ९ हे १० अंक असे ४६ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाची २,००० चित्रे, म्हणजे एकूण ९२,०००. प्रत्येक चित्र ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचे, करड्या छटांचे. यातली दर वर्गातील १,७०० चित्रे ट्रेनिंगसाठी आणि ३०० अखेरच्या चाचणीसाठी राखलेली आहेत. त्या १,७०० मधूनही २०० बाजूला काढून ठेवावीत. नेटवर्क ती पाहते, पण त्यांवरून शिकत नाही. या बाजूला काढलेल्या ९,२०० चित्रांना व्हॅलिडेशन संच म्हणतात. उरलेल्या ६९,००० चित्रांवर ट्रेनिंग होते. एका वेळी १०० चित्रांची बॅच घेतली, तर सगळी चित्रे एकदा डोळ्यांखालून जायला ६९० पावले लागतात. अशा एका पूर्ण फेरीला एपॉक म्हणतात.

लॉस मोजायची रीत सोपी आहे. नेटवर्क प्रत्येक चित्रासाठी ४६ वर्गांना मिळून एकूण १ इतकी संभाव्यता वाटून देते. खऱ्या अक्षराच्या वाट्याला आलेल्या संभाव्यतेचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन त्याचे चिन्ह उलटे केले की त्या चित्राचा लॉस मिळतो. खऱ्या अक्षराला ०.९ दिले तर लॉस सुमारे ०.११, ०.५ दिले तर ०.६९, आणि ०.०१ दिले तर ४.६. काहीच न शिकलेले नेटवर्क सगळ्या वर्गांना सारखीच वाटणी करते, प्रत्येकाला ४६ वा हिस्सा. त्याचा लॉस येतो ३.८३. हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या पावलाआधी लॉस ३.८३ च्या आसपास हवा. तो ८ किंवा १५ दिसला, तर लर्निंग रेटला हात लावण्याआधी चित्रे तपासावीत. ठिपक्यांच्या ० ते २५५ या किमती २५५ ने भागून लहान करायच्या राहिल्या असण्याची शक्यता मोठी असते.

आता पाऊल किती मोठे असावे. लॉसचा पृष्ठभाग प्रत्यक्षात लाखो मितींचा असतो, पण त्याचा स्वभाव दोनच दिशा घेऊन समजतो. पन्हळीसारखा आकार घ्यावा. आडव्या दिशेने दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या चढणाऱ्या, लांबीच्या दिशेने उतार अगदी मंद. समजा आडव्या दिशेची वक्रता १०० आहे आणि लांबीच्या दिशेची १. अशा पृष्ठभागावर एका पावलानंतर तळापासूनचे अंतर किती उरते, ते थेट काढता येते. जुने अंतर गुणिले, १ वजा लर्निंग रेट आणि वक्रता यांचा गुणाकार.

लर्निंग रेट ०.००१ ठेवला तर आडव्या दिशेचे अंतर दर पावलाला ०.९ पट होते, म्हणजे झपाट्याने मिटते. लांबीच्या दिशेचे अंतर मात्र ०.९९९ पट होते, आणि ते निम्म्यावर यायला जवळजवळ ७०० पावले लागतात. रेट ०.०१९ केला तर आडव्या दिशेचा गुणक उणे ०.९ येतो. वजन या भिंतीवरून त्या भिंतीवर उडी घेते, पण दर उडीला तळाच्या जवळ येते. आणि लांबीच्या दिशेचे अंतर आता ३६ पावलांतच निम्मे होते. रेट ०.०३ केला की सगळे फिसकटते. आडवा गुणक उणे २ होतो. प्रत्येक उडीत वजन समोरच्या भिंतीवर तळापासून पहिल्यापेक्षा दुप्पट दूर जाते आणि लॉस चौपट होतो. सुरुवातीचा लॉस ५० असेल तर पुढे २००, ८००, ३,२०० असा तो वाढतो, आणि साधारण ६२ व्या पावलाला संगणकाच्या ३२ बिटी दशांश आकड्यांची मर्यादा ओलांडतो. ती मर्यादा ३.४ च्या पुढे ३८ घातांक इतकी आहे. तिथून पुढे पडद्यावर `inf` उमटते आणि मग `nan`.

मर्यादा अगदी नेमकी आहे. २ भागिले सर्वांत मोठी वक्रता, इथे ०.०२. त्याच्या खाली सगळे ठीक, वर सगळे उधळलेले. म्हणूनच लर्निंग रेट थोडा वाढवला तर निकाल थोडाच बिघडेल ही अपेक्षा फोल ठरते. चांगला रेट बहुधा या कड्याच्या अगदी जवळ असतो, कारण मंद उताराच्या दिशेने पुढे सरकायला मोठे पाऊलच उपयोगी पडते. खऱ्या नेटवर्कमध्ये वक्रता स्थिरही नसते. ट्रेनिंग चालू असताना ती बदलते. पूर्ण संच एकदम वापरून केलेल्या ट्रेनिंगमध्ये ती वाढत जाऊन २ भागिले लर्निंग रेट या किमतीपाशीच घुटमळते, असे कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले. तेव्हा कागदावर वक्रता मोजून रेट ठरवण्यात फारसा अर्थ नाही. तो चालवूनच शोधावा लागतो.

शोधायची सर्वांत कामाची रीत लेस्ली स्मिथ या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील संशोधकाने २०१५ मध्ये सांगितली. तिचे सार असे, की अतिशय लहान रेटने सुरुवात करायची, तो वाढवत न्यायचा आणि लॉस केव्हा खाली येतो व केव्हा उधळतो ते पाहायचे. रेट गुणाकाराने वाढवणे सोयीचे पडते. देवनागरी संचावर हे करताना ०.००००१ पासून सुरू करून दर बॅचला १.१२२ ने गुणले, तर १०० पावलांत रेट १ पर्यंत पोहोचतो. प्रोग्रॅममध्ये दर बॅचनंतर एवढेच लिहावे लागते:

```
for group in opt.param_groups:
    group["lr"] *= 1.122
```

मग आडव्या अक्षावर रेट, तोही लॉगॅरिदमच्या मापात, आणि उभ्या अक्षावर लॉस असा आलेख काढावा. सुरुवातीला रेघ ३.८३ च्या आसपास सपाट राहते, कारण पावले इतकी लहान असतात की काही घडतच नाही. पुढे ती उतरू लागते, मग वेगाने कोसळते, तळाशी पोहोचून थरथरते आणि शेवटी उभी वर जाते. समजा तळ ०.३ पाशी लागला. पुष्कळजण हाच रेट उचलतात, आणि इथेच फसतात. तळाशी लॉस अजून कमी दिसत असला तरी नेटवर्क कड्यावर पोहोचलेले असते. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ०.०३, ही सुरुवातीसाठी बरी निवड. मग ०.०१ आणि ०.१ ने प्रत्येकी दोनतीन एपॉक चालवून पाहावेत. रेट नेहमी असे तिपटीने किंवा दसपटीने बदलून तुलना करावी. ०.०३० आणि ०.०३२ यांच्यात फरक शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. ही चाचणी त्या नेटवर्कपुरती, त्या बॅचच्या आकारापुरती आणि त्या पद्धतीपुरतीच खरी असते. किंग्मा आणि बा यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अ‍ॅडम पद्धतीत उताराचा आकार आधीच काढून टाकला जातो आणि प्रत्येक वजन एका पावलात साधारण लर्निंग रेटइतकेच सरकते. त्यामुळे तिथे नेहमीची सुरुवात ०.००१ ने होते. साध्या पद्धतीत चालणारा ०.१ अ‍ॅडममध्ये दिला तर ट्रेनिंग बहुधा बिघडते.

खरे ट्रेनिंग सुरू झाले की लॉसचा आलेख हेच निदानाचे मुख्य साधन. उधळलेले ट्रेनिंग ओळखणे सोपे असते. लॉस ३.८३ वरून खाली येण्याऐवजी ५, ४०, ९०० असा चढतो आणि `nan` होतो. पहिल्या काही पावलांतच असे झाले तर रेट दहाव्या हिश्श्यावर आणावा. सुरुवातीची वजने यादृच्छिक असतात आणि त्या टप्प्यावर पृष्ठभाग फार खडबडीत असू शकतो. म्हणून रेट शून्याजवळून सुरू करून काही शे पावलांत ठरलेल्या किमतीपर्यंत चढवतात. याला वॉर्मअप म्हणतात. २०१७ मध्ये गोयल आणि सहकाऱ्यांनी ८,१९२ चित्रांची बॅच वापरून इमेजनेट संचावरचे ट्रेनिंग एका तासात पूर्ण केले, त्यात पहिले पाच एपॉक वॉर्मअपचेच होते.

मधेच लॉस एकदम उसळणे हा वेगळा प्रकार आहे. गूगलचे पाम हे भाषा-मॉडेल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ट्रेनिंगमध्ये लॉस सुमारे २० वेळा असा उसळला होता. चमूने दर वेळी उसळीच्या सुमारे १०० पावले आधीच्या जतन केलेल्या अवस्थेकडे परत जाऊन पुढच्या २०० ते ५०० बॅच वगळल्या, आणि काम सुरळीत चालले. तोच मजकूर दुसऱ्या अवस्थेपासून दिला तर उसळी येत नव्हती. म्हणजे दोष एकट्या मजकुरात नव्हता. त्या क्षणाची वजने आणि तो मजकूर यांच्या गाठीतून तो उद्भवत होता. घरच्या संगणकावर काम करणाऱ्यानेही यातून एक गोष्ट घ्यावी. ठरावीक पावलांनी वजने जतन केलेली नसतील, तर उसळीनंतर मागे जायला जागाच उरत नाही.

थांबलेल्या ट्रेनिंगचे निदान जास्त कठीण, कारण सपाट रेघ अनेक कारणांनी येते. ती कोणत्या उंचीवर सपाट आहे हे आधी पाहावे. रेघ ३.८३ वरच अडकली असेल, तर नेटवर्क चित्राकडे पाहतच नाही, सगळ्यांना सारखी वाटणी करते आहे. रेट फार लहान आहे का, हे उभा अक्ष ताणून पाहिल्यावर कळते. ३.८३०, ३.८२८, ३.८२६ अशी संथ पण सतत घसरण दिसत असेल, तर रेट दसपट करावा. काडीचीही घसरण नसेल तर दोष बहुधा अन्यत्र आहे. वजने गोठवलेली राहिली, चित्रे आणि त्यांची नावे यांची सांगड चुकली, किंवा सुरुवातीच्या एका अवाढव्य पावलाने आतले बरेच घटक कायमचे शून्यावर गेले. या शेवटच्या प्रकारात नंतर रेट कमी करून काही होत नाही. वजने नव्याने टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते.

इथे एक परीक्षा फार उपयोगी पडते. एकच १०० चित्रांची बॅच घ्यावी आणि तीच पुन्हा पुन्हा नेटवर्कला शिकवावी. हजारो वजने असलेल्या नेटवर्कला १०० चित्रे पाठ करणे अवघड जाऊ नये. लॉस ३.८३ वरून ०.०१ च्या खाली गेलाच पाहिजे. तो गेला नाही तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे असे धरून चालावे आणि रेटशी खेळणे थांबवावे. ही परीक्षा काही मिनिटांची, पण ती टाळून रात्रभर वेगवेगळे रेट चालवून पाहण्याची चूक सर्रास होते.

रेघ मधल्याच उंचीवर, समजा ०.४ वर, थरथरत थांबली असेल तर कारण बहुधा उलटे असते. रेट जास्त आहे. वजने तळाच्या आसपास पोहोचली आहेत, पण पाऊल मोठे असल्यामुळे ती या बाजूने त्या बाजूला उडत राहतात आणि खाली बसू शकत नाहीत. अशा वेळी रेट दहाव्या हिश्श्यावर आणला की लॉस एका एपॉकमध्ये पायरी उतरल्यासारखा खाली येतो. २०१५ च्या रेसनेट या गाजलेल्या नेटवर्कच्या ट्रेनिंगमध्ये रेट ०.१ पासून सुरू करून चूक घटायची थांबली की दहाने भागत नेला होता, आणि त्याच्या आलेखात या पायऱ्या स्वच्छ दिसतात. ती पायरी फार लवकर उतरवणेही नुकसानीचे असते. रेट कमी होताच रेघ छान खाली येते म्हणून दुसऱ्याच एपॉकला तो कमी करण्याचा मोह होतो, पण मग मंद दिशेचा लांबचा प्रवास अर्धवट राहतो.

तिसरा दोष कोणाच्या नजरेत न येता वाढतो. ट्रेनिंगचा लॉस उतरत असतो, कुठे उसळी नाही, कुठे अडथळा नाही, आणि तरीही नेटवर्क बिघडत असते. ते अक्षरे ओळखायला शिकण्याऐवजी ती ६९,००० चित्रेच पाठ करू लागलेले असते. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. मोठ्या नेटवर्कची पाठांतराची ताकद किती असते, हे झँग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले. त्यांनी सीफार-१० या संचातील चित्रांची नावे यादृच्छिकपणे बदलून टाकली, आणि नेटवर्कने ती अर्थहीन नावेसुद्धा एकही चूक न करता पाठ केली. ट्रेनिंगचा लॉस शून्याकडे गेला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून व्हॅलिडेशन संचाची दुसरी रेघ हवी. सुरुवातीला दोन्ही रेघा सोबत उतरतात. मग व्हॅलिडेशनची रेघ सपाट होते आणि पुढे हळूच वर वळते, ट्रेनिंगची मात्र उतरतच राहते. पहिल्या काही एपॉकमध्ये व्हॅलिडेशनचा लॉस ट्रेनिंगपेक्षा कमी दिसला तर घाबरू नये. बरेच प्रोग्रॅम ट्रेनिंगचा लॉस संपूर्ण एपॉकच्या सरासरीने दाखवतात, त्यात सुरुवातीच्या कच्च्या पावलांचा वाटा असतो. व्हॅलिडेशन एपॉकच्या शेवटी, सुधारलेल्या वजनांवर मोजले जाते.

या टप्प्यावर एक विसंगती अनेकांना चकवते. व्हॅलिडेशनचा लॉस वाढतो, पण बरोबर उत्तरांची टक्केवारी जागची हलत नाही. हे कसे होते ते १०० चित्रांवर मांडून पाहावे. समजा पाचव्या एपॉकनंतर ९५ चित्रे बरोबर ओळखली, प्रत्येकी ०.९५ संभाव्यतेने. त्यांचा लॉस प्रत्येकी ०.०५. उरलेल्या ५ चित्रांत, समजा घ आणि ध यांची गल्लत झालेल्या, खऱ्या अक्षराला ०.१ मिळाले. त्यांचा लॉस प्रत्येकी २.३. सरासरी ०.१६. विसाव्या एपॉकनंतर तीच ९५ बरोबर आणि तीच ५ चूक. पण आता बरोबर उत्तरांना ०.९९९ आणि चुकलेल्या चित्रांत खऱ्या अक्षराला ०.०००१ मिळते. बरोबर चित्रांचा लॉस जवळजवळ शून्य, चुकलेल्यांचा प्रत्येकी ९.२. सरासरी ०.४६. टक्केवारी ९५ ची ९५ राहिली, लॉस जवळजवळ तिप्पट झाला. नेटवर्क चुकते तेव्हा आता पूर्ण खात्रीने चुकते. पूर्वी घ की ध याबद्दल त्याला थोडी शंका होती, तीही गेली.

नुसते अक्षर ओळखून थांबायचे असेल तर हे चालून जाते. पण पुढे कोणी त्या संभाव्यतेवर विसंबून निर्णय घेणार असेल, उदाहरणार्थ ०.९ पेक्षा कमी खात्रीची पाने माणसाकडे तपासायला पाठवायची असतील, तर विसाव्या एपॉकचे नेटवर्क निरुपयोगी आहे. त्याची चुकलेली अक्षरेही माणसाकडे जाणारच नाहीत. त्यामुळे जतन केलेल्या अवस्थांपैकी व्हॅलिडेशनचा लॉस सर्वांत कमी असलेली निवडावी, टक्केवारी सर्वांत जास्त असलेली नव्हे. रेट उतरवल्यावर ट्रेनिंगची रेघ खाली गेली आणि व्हॅलिडेशनची वर वळली, तर ती पायरी पाठांतरालाच कामी आली असे समजून तिच्या आधीच थांबावे. अखेरच्या चाचणीची १३,८०० चित्रे मात्र एकदाच, सर्व निवडी झाल्यावर वापरावीत. त्यांच्यावर बघून रेट ठरवला तर तीही व्हॅलिडेशनच होतात.

आलेखाच्या आवाक्याबाहेरही एक गोष्ट राहते. व्हॅलिडेशनची चित्रे ट्रेनिंगच्याच संचातून काढलेली असतात. त्या संचात जे नाही, त्याबद्दल दोन्ही रेघा काहीच सांगत नाहीत. नेपाळच्या या संचात ३६ व्यंजने आहेत, पण त्यांत ळ नाही. त्यावर शिकलेल्या नेटवर्कला मराठी हस्तलेखातला ळ दाखवला, तर ते त्याला उरलेल्या ४६ पैकी कोणते तरी नाव देईल. मराठी कागदपत्रांसाठी असे नेटवर्क वापरायचे असेल, तर ळ ची चित्रे स्वतः जमवून, ४७ वा वर्ग करून, लर्निंग रेटच्या चाचणीपासून सगळे पुन्हा करावे लागेल.